बिलावरचं ठळक नाव आणि कायद्यातलं नाव: बिल, लेटरहेड वाचण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी धुळ्यात हिशेबाची आणि जीएसटीची कामं करतो. शहादा, शिरपूर, दोंडाईचा, अमळनेर, चोपडा इथले दुकानदार आणि शेतकरी गटांचे लोक माझ्याकडे कागद घेऊन येतात. आपला खानदेश दोन राज्यांच्या उंबऱ्यावर आहे. नंदुरबारचा माणूस मालासाठी सुरतेला जातो, रावेरचा बऱ्हाणपूरला, शिरपूरचा सेंधव्याला. त्यामुळे इथल्या एकाच फाइलीत तीन राज्यांची बिलं असतात, आणि ‘भाऊ, हाई बिल खरं शे का?’ हा प्रश्न रोज येतो. त्या प्रश्नातून निघालेले बाकीचे प्रश्न आणि मी देतो ती उत्तरं इथे लिहिली आहेत. उदाहरणातली नावं आणि नंबर मी मुद्दाम खोटे घेतले आहेत. पॅनमधले चार आकडे ०००१ पासून सुरू होतात, म्हणून मी सगळीकडे चार शून्यं वापरली आहेत.

बिलावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं तेच कंपनीचं नाव ना?

बहुतेक वेळा नाही. मोठ्या अक्षरांत असतं ते दुकानाचं, ब्रँडचं किंवा समूहाचं नाव, म्हणजे ज्या नावानं बाजारात ओळख आहे ते. जीएसटीच्या भाषेत ते ट्रेड नेम. कायदा ज्याला ओळखतो तो पक्ष वेगळा असू शकतो. तो एखादा माणूस असेल, भागीदारी पेढी असेल, कंपनी असेल किंवा सहकारी संस्था असेल. पैसे थकले, माल सडका निघाला, करार मोडला, तर दावा त्या पक्षावर चालतो. पाटीवरच्या चित्रावर चालत नाही.

‘अबक ड्रिप’ असं हिरव्या ठळक अक्षरांत छापलं आहे आणि त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत ‘अ युनिट ऑफ अबक अ‍ॅग्रो इरिगेशन प्रायव्हेट लिमिटेड’ असं आहे, असं समजा. इथे पक्ष कोण? दुसऱ्या ओळीतला. ‘अ युनिट ऑफ’, ‘अ डिव्हिजन ऑफ’ या शब्दांच्या पुढे जे येतं ते कायदेशीर नाव. आधी येतं ते फक्त खात्याचं किंवा कारखान्याचं नाव. ‘ग्रुप’ हा शब्द तर कुणाचंच कायदेशीर नाव नसतो. एका ग्रुपमध्ये दहा वेगवेगळ्या कंपन्या असू शकतात आणि एकीच्या देण्याला दुसरी आपोआप बांधलेली नसते.

मग खरं नाव कागदावर कुठे शोधायचं?

तीन ठिकाणी पाहा आणि तिन्ही जुळतात का ते बघा. पहिलं ठिकाण म्हणजे जीएसटी नंबराच्या लगत, विकणाऱ्याच्या पत्त्याच्या चौकटीत. दुसरं, बिलाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात सहीच्या वर. तिथे ‘फॉर अमुक अमुक’ असं छापलेलं असतं आणि त्याखाली अधिकृत सही करणाऱ्याची जागा असते. कोण कुणाच्या वतीनं सही करतोय ते या ओळीवरून कळतं, म्हणून ती माझी सगळ्यात आवडती ओळ आहे. तिसरं ठिकाण बँकेच्या तपशिलाचं, खात्याचं नाव.

लेटरहेड असेल तर तळाची पट्टी वाचा. बहुतेक कंपन्या आपलं पूर्ण नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता आणि सीआयएन, म्हणजे कंपनीचा नोंदणीचा क्रमांक, तिथे बारीक अक्षरांत देतात. कागद मोबाईलवर आला असेल तर तळ मोठा करून पाहा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना नेमका तोच भाग कापलेला असतो. पूर्ण कागद मागा.

एक चूक मी फार वेळा पाहिली आहे. टॅलीच्या बिलात डाव्या बाजूला एकाखाली एक तीन चौकटी असतात: वर विकणारा, मग माल जिथे उतरवायचा तो, मग घेणारा. तिन्हींत जीएसटी नंबर असू शकतो. घाईत लोक तिसऱ्या चौकटीतला, म्हणजे स्वतःचाच नंबर तपासतात आणि ‘नंबर तर खरा निघाला’ म्हणून निश्चिंत होतात.

जीएसटी नंबर म्हणजे नुसता लांबलचक आकडा. त्यातून काय कळतं?

बरंच काही. तो पंधरा अक्षरांचा असतो आणि त्याच्या पोटात पॅन असतो. नमुना असा:

```
27AAECA0000Q1ZX
```

पहिले दोन आकडे राज्याचे. महाराष्ट्र २७, गुजरात २४, मध्य प्रदेश २३. आपल्या भागात हे तीन पाठ असले की पुरतं. पुढची दहा अक्षरं म्हणजे त्या पक्षाचा पॅन, इथे `AAECA0000Q`. तेरावं अक्षर त्या पॅनवर त्या राज्यात घेतलेली ही कितवी नोंदणी ते सांगतं. चौदावं बहुधा `Z` असतं. पंधरावं तपासणीचं अक्षर, जे आधीच्या चौदांवरून हिशेबानं निघतं. वरच्या नंबरात फक्त राज्य बदलून गुजरात केलं, तर शेवटचं `X` जाऊन तिथे `3` येतो:

```
24AAECA0000Q1Z3
```

म्हणजे कुणी महाराष्ट्राच्या खऱ्या नंबरातले पहिले दोन आकडे बदलून गुजरातचा नंबर ‘तयार’ केला, तर शेवटचं अक्षर चुकतं आणि पोर्टल तो नंबर घेतच नाही.

यातली लक्षात ठेवायची गोष्ट एकच: राज्याची नोंदणी वेगळी असली तरी मधला पॅन एकच असतो. वरचे दोन्ही नंबर एकाच कंपनीचे आहेत. सुरतेचं बिल आणि जळगावचं बिल एकाच पक्षाचं आहे की नुसतं नाव सारखं आहे, हे मधली दहा अक्षरं शेजारी ठेवून अर्ध्या मिनिटात कळतं.

पॅनच्या चौथ्या अक्षराचं काय महत्त्व आहे?

मला विचाराल तर या सगळ्या विषयाची किल्ली तेच आहे. पॅनचं चौथं अक्षर, म्हणजे जीएसटी नंबरातलं सहावं अक्षर, पक्ष कोणत्या जातकुळीचा आहे ते सांगतं. `C` म्हणजे कंपनी. `P` म्हणजे एकटा माणूस. `F` म्हणजे भागीदारी पेढी. एलएलपीही साधारण यातच येते. `H` म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंब, ज्याला आपण एचयूएफ म्हणतो. `T` म्हणजे न्यास. सहकारी संस्थांच्या पॅनमध्ये बहुधा `A` दिसतो.

पाचवं अक्षरही बोलकं आहे. माणसाच्या पॅनमध्ये ते आडनावाचं पहिलं अक्षर असतं, बाकीच्यांत संस्थेच्या नावाचं पहिलं अक्षर. म्हणजे पॅन देताना जे नाव होतं त्याचं, आणि इंग्रजी स्पेलिंगमधलं. वरच्या नमुन्यात चौथं `C`, पाचवं `A`. म्हणजे A ने सुरू होणारी कंपनी. कागदावर ‘अबक अ‍ॅग्रो इरिगेशन प्रायव्हेट लिमिटेड’ आहे, तर जुळलं.

आता न जुळणारं उदाहरण. काही वर्षांपूर्वी शहाद्याकडचे एक दुकानदार ठिबकच्या नळ्यांचं कोटेशन घेऊन आले. लेटरहेड झकास, नावापुढे ‘प्रायव्हेट लिमिटेड’, पत्ता सुरतेचा, आणि निम्मी रक्कम आगाऊ मागितलेली. जीएसटी नंबर या घडणीचा होता:

```
24AAEPA0000Q1ZC
```

सहावं अक्षर `P`. म्हणजे हा नंबर एका माणसाचा, कंपनीचा नव्हे. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या जीएसटी नंबरात सहाव्या जागी `P` येऊच शकत नाही, कारण कंपनीचा पॅन तिचा स्वतःचा असतो, संचालकाचा नसतो. मी त्यांना एवढंच म्हटलं, ‘आप्पा, पैसे द्यायच्या आधी सीआयएन मागा.’ समोरून आधी ‘पाठवतो’ म्हणाले, मग फोन उचलणं बंद झालं. आप्पांनी पैसे दिले नव्हते, ही देवाची कृपा.

कंपनीच्या सीआयएनमध्ये काय असतं?

सीआयएन हा कंपनी नोंदणी कार्यालयाचा एकवीस अक्षरांचा क्रमांक. आपल्या नमुना कंपनीचा असा असेल:

```
U25209MH2014PTC000000
```

पहिलं अक्षर `U` असेल तर कंपनी शेअर बाजारात नोंदलेली नाही, `L` असेल तर नोंदलेली आहे. पुढचे पाच आकडे धंद्याचा संकेत. मग दोन अक्षरांत राज्य, `MH` म्हणजे महाराष्ट्र. मग स्थापनेचं वर्ष, २०१४. मग कंपनीचा प्रकार, `PTC` म्हणजे खासगी, `PLC` म्हणजे सार्वजनिक, `OPC` म्हणजे एका व्यक्तीची कंपनी. शेवटचे सहा आकडे नोंदणी क्रमांक.

वर्षावर आणि प्रकारावर नजर टाकण्याची सवय लावा. लेटरहेडवर ‘१९८५ पासून आपल्या सेवेत’ आणि सीआयएनमध्ये 2021 असं दिसलं, तर लगेच खोटं म्हणू नका. वडिलांची जुनी पेढी असते आणि मुलांनी नंतर कंपनी केलेली असते. पण तुमचा करार या २०२१ च्या कंपनीशी आहे. जुन्या पेढीच्या पत्रिकेशी तिचा कायद्यानं संबंध असेलच असं नाही.

आपल्याकडे शेतकरी उत्पादक कंपन्या बऱ्याच झाल्या आहेत. त्यांच्या नावाशेवटी ‘प्रोड्युसर कंपनी लिमिटेड’ असतं, ‘प्रायव्हेट’ शब्द नसतो, तरी सीआयएनमध्ये `PTC` दिसतं. ती चूक नव्हे. कायदा त्यांना खासगी कंपनीसारखंच धरतो.

सुरतेचं बिल आहे, जीएसटी नंबर २४ ने सुरू होतो, पण सीआयएनमध्ये MH आहे. गडबड आहे का?

नाही. हा प्रश्न नवापूर, नंदुरबारकडून हमखास येतो. सीआयएनमधलं राज्य कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाचं असतं. जीएसटीची नोंदणी मात्र जिथून माल निघतो त्या राज्याची असते. महाराष्ट्रात नोंदलेल्या कंपनीचं सुरतेत गोदाम असेल, तर तिच्या बिलावर हे दोन्ही एकत्र दिसणारच.

पाहायचं ते वेगळंच आहे. २४ नंबरच्या बिलावर माल शहाद्याला पोचवायचा असेल तर कर आयजीएसटी लागला पाहिजे. तिथे सीजीएसटी आणि एसजीएसटी अशा दोन ओळी असतील, तर बिल करणाऱ्यानं तरी चूक केली आहे किंवा नंबर दुसऱ्याचाच डकवला आहे. उलट २७ नंबरच्या जळगावच्या बिलावर धुळ्याला माल येतोय आणि आयजीएसटी लावलाय, तेही तपासण्यासारखं.

एक बिल पहिल्यापासून शेवटपर्यंत कसं वाचाल?

वरचंच बिल घेऊ. शहाद्याच्या दुकानदाराकडे आलं आहे, माथ्यावर ‘अबक ड्रिप’. मी माथा सोडून देतो आणि आधी विकणाऱ्याच्या चौकटीतला जीएसटी नंबर कागदावर उतरवतो: `24AAECA0000Q1Z3`. गुजरातची नोंदणी. पत्ता सुरतेचा, जुळलं. सहावं अक्षर `C`, म्हणजे कंपनी. म्हणजे या कागदावर कुठेतरी ‘लिमिटेड’ हा शब्द आलाच पाहिजे. शोधतो. माथ्याखाली बारीक अक्षरांत सापडतो. सहीच्या वर ‘फॉर अबक अ‍ॅग्रो इरिगेशन प्रायव्हेट लिमिटेड’ आहे का? आहे. बिलात पॅन वेगळा छापला असेल, तर तो आणि जीएसटी नंबराच्या पोटातला पॅन एकच हवा. `AAECA0000Q`, एकच आहे.

मग तळाशी सीआयएन. `PTC` आणि ‘प्रायव्हेट लिमिटेड’ जुळलं. शेवटी बँक. खात्याचं नाव ‘अबक एंटरप्रायझेस’. इथे मी थांबतो. बिल कंपनीचं आणि पैसे एंटरप्रायझेसला? एंटरप्रायझेस ही कदाचित संचालकाच्या भावाची पेढी असेल, सगळं सरळही असेल. पण पैसे तिकडे गेले तर उद्या कंपनी म्हणू शकते की आम्हाला काही मिळालं नाही. कंपनीच्या नावाचं खातं मागायचं. ते नाहीच म्हणाले तर व्यवहार नाही.

एवढ्या वाचनाला मला पाच मिनिटं लागतात. त्यानंतर पोर्टल.

पोर्टलवर तपासायचं कसं?

`services.gst.gov.in` उघडा. Search Taxpayer मध्ये Search by GSTIN/UIN निवडा. लॉगिन लागत नाही. नंबर आणि कॅप्चा टाकला की माहिती येते. Legal Name of Business म्हणजे कायदेशीर नाव, Trade Name म्हणजे धंद्याचं नाव, आणि Constitution of Business म्हणजे पक्षाचा प्रकार. ही तिसरी ओळ पॅनच्या चौथ्या अक्षराशी जुळली पाहिजे. GSTIN/UIN Status मध्ये Active हवं. Cancelled किंवा Suspended असेल तर तारीख बघा. बिलाच्या तारखेआधी नोंदणी रद्द झाली असेल, तर त्या बिलावर कर लावण्याचा त्याला हक्कच नव्हता आणि तुमचं क्रेडिट धोक्यात आहे.

Effective Date of registration वर 01/07/2017 दिसलं की लोक म्हणतात, ‘कंपनी २०१७ ची आहे.’ तसं नव्हे. त्या दिवशी जीएसटी सुरू झाला आणि जुने सगळे व्यापारी त्याच तारखेनं आत आले. कंपनीचं वय पाहायचं तर सीआयएनमधलं वर्ष.

कंपनीसाठी दुसरी खिडकी `www.mca.gov.in`. तिथे मास्टर डेटामध्ये नाव किंवा सीआयएन टाकला की स्थिती, स्थापनेची तारीख आणि नोंदणीकृत पत्ता दिसतो. जीएसटी चालू आहे पण इथे Strike Off आहे, असंही घडतं. तेव्हा व्यवहार रोखा. नोंदवहीतून नाव काढलेल्या कंपनीशी नवा सौदा करायचा नसतो.

दुकान एकट्याचं असेल तर कायदेशीर नाव काय?

त्या माणसाचंच. ‘अबक कृषी केंद्र’ ही पाटी आहे, पक्ष आहे तो मालक, पॅनवर असेल त्या नावानं. म्हणून पोर्टलवर Legal Name मध्ये अनोळखी माणसाचं नाव दिसलं की घाबरू नका, पण तो माणूस कोण ते विचारा. कधी कधी दुकान चालवतो एक आणि नोंदणी असते बायकोच्या किंवा पुतण्याच्या नावावर. तुमच्या वहीत ‘अबक कृषी केंद्र, मालक अमुक’ असं दोन्ही लिहून ठेवा. नुसत्या पाटीच्या नावानं लिहिलेली उधारी वसूल करताना पहिला वाद हाच होतो की हे दुकान कुणाचं.

बिलावर सीआयएन नाहीच. म्हणजे बोगस?

पक्ष कंपनी नसेल तर सीआयएन असणारच नाही. एकट्याचं दुकान, भागीदारी, सहकारी सूतगिरणी, दूध संघ यांना सीआयएन नसतो. एलएलपीला सात अक्षरांचा वेगळा क्रमांक असतो, तीन अक्षरं आणि चार आकडे.

पण सहावं अक्षर `C` आहे आणि तरी सीआयएन नाही, तर ती उणीव आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२ नुसार कंपनीनं आपलं नाव, नोंदणीकृत पत्ता, सीआयएन, फोन आणि ईमेल आपल्या पत्रांवर आणि बिलांवर छापायचं असतं. खूप लहान कंपन्या हे विसरतात, त्यामुळे एवढ्यावरून कुणाला चोर ठरवू नये. मागितल्यावर किती वेळात देतात, त्यावर माझी नजर असते. खऱ्या कंपनीच्या हिशेबनिसाला तो सांगायला दोन मिनिटं लागत नाहीत.

नंबर टाकतो, पण पोर्टल ‘चुकीचा’ म्हणतं. माणूस फसवतोय का?

आधी आपण वाचायला चुकलो का ते पाहा. शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि आय, पाच आणि एस, आठ आणि बी यांची अदलाबदल रोज होते. कार्बनच्या प्रतीवर तर विचारूच नका. इथे जागेचा नियम उपयोगी पडतो. जीएसटी नंबरात तिसऱ्यापासून सातव्यापर्यंत फक्त अक्षरं येतात, आठव्यापासून अकराव्यापर्यंत फक्त आकडे, आणि बाराव्या जागी पुन्हा अक्षर. म्हणून पाचव्या जागेवरचा गोळा ओ असणार आणि नवव्या जागेवरचा शून्य. एवढं सुधारून पुन्हा टाका, बहुतेक वेळा नंबर चालतो.

आमच्याकडचं बिलबुक मराठीत छापलेलं आहे आणि पोर्टलवर इंग्रजी नाव वेगळंच दिसतं.

चौधरी हे आडनाव इंग्रजीत किती प्रकारे लिहितात ते मोजून पाहा. अक्षरांवरून भांडण नको. नंबर जुळतो का, पत्ता जुळतो का, हे पाहा. तुमच्या टॅलीत खातं उघडताना मात्र पोर्टलवर आहे तेच स्पेलिंग उतरवा आणि मराठी नाव टोपणनाव म्हणून ठेवा. नाहीतर वर्षाखेरीला एकाच पक्षाची तीन खाती निघतात आणि बाकी जुळवता जुळवता डोळे जातात.

कंपनीनं नाव बदललं. जुन्या नावाची बिलं आहेत, नवीन नावाची मागणी आली. पैसे कुणाला?

पॅन बघा. नुसतं नाव बदललं तर पॅन तोच राहतो. खासगीची सार्वजनिक कंपनी झाली तर सीआयएनमधलं `PTC` जाऊन `PLC` येतं, कार्यालय दुसऱ्या राज्यात गेलं तर राज्याची अक्षरं बदलतात, पण पॅन हलत नाही. त्यामुळे जुन्या आणि नव्या बिलातली मधली दहा अक्षरं एक असतील तर पक्ष एकच. नाव बदलल्यावर दोन वर्षं कंपनीनं जुनं नावही पाटीवर आणि कागदांवर दाखवायचं असतं, तेही शोधा.

पॅन बदलला असेल तर तो वेगळा पक्ष. भागीदारी मोडून कंपनी केली की नवा पॅन येतो. मग जुन्या बिलाचे पैसे नव्या कंपनीला देण्याआधी, येणी तिकडे वर्ग झाल्याचा लेखी कागद जुन्या पेढीच्या भागीदारांच्या सहीनं घ्या.

बिलावर बाकीही नंबर असतात. ते कशाचे?

थोडक्यात सांगतो. UDYAM-MH ने सुरू होतो तो लघुउद्योग नोंदणीचा. चौदा आकडी असतो तो अन्न परवान्याचा, खाण्याच्या वस्तूंच्या बिलावर तो लागतो. चार अक्षरं, पाच आकडे आणि शेवटी एक अक्षर असा असेल तर तो टीडीएस कापणाऱ्याचा टॅन. पॅनचीही लांबी दहाच असते, म्हणून लोक गोंधळतात. पण पॅनमध्ये आधी पाच अक्षरं येतात. आयएसओचा शिक्का किंवा ट्रेडमार्कची खूण यावरून पक्षाची ओळख पटत नाही.

मोठ्या पुरवठादाराच्या बिलावर चौकोनी क्यूआर कोड आणि चौसष्ट अक्षरांचा आयआरएन दिसतो. ते ई-इन्व्हॉइस. वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर गेलेल्यांना व्यापाऱ्याला केलेल्या विक्रीसाठी ते १ ऑगस्ट २०२३ पासून बंधनकारक आहे. सरकारी अ‍ॅपनं तो कोड वाचला की विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा जीएसटी नंबर, बिल क्रमांक, तारीख आणि रक्कम दिसते. छापलेल्या बिलाशी यातलं काही जुळलं नाही, तर तो कागद परत करा.

नंबर खरा आहे, तरी बिल खोटं असू शकतं?

हो, आणि हे सगळ्यात धोकादायक. जीएसटी नंबर गुप्त नसतो. कुणीही दुसऱ्याच्या बिलावरून उचलून आपल्या लेटरहेडवर छापू शकतो. पोर्टल सांगतं की असा नंबर आहे. समोरचा माणूस तोच आहे, हे सांगत नाही. म्हणून लेटरहेडवरचा फोन लावून खात्री करण्यात अर्थ नाही, तो तर त्यानंच छापलाय. पोर्टलवरच्या पत्त्यावर ओळखीचा कुणी पाठवा, किंवा एमसीएच्या नोंदीतल्या ईमेलवर लिहा. सुरत आपल्यापासून लांब नाही, बाजारातला एखादा ट्रान्सपोर्टवाला तासाभरात सांगतो की त्या गाळ्यावर कुणाची पाटी आहे.

पैसे पाठवताना बँकेत खातेदाराचं नाव आधी पाहा. आरटीजीएस आणि एनईएफटीसाठी ही सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत सुरू करायला रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलं होतं. तिथे आलेलं नाव आणि बिलातलं कायदेशीर नाव जुळलं पाहिजे.

केळीचा व्यापारी फक्त काटा पावती देतो, वर एक नाव आणि मोबाईल. त्यातून काय काढायचं?

खरं सांगायचं तर काहीच निघत नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं. रावेर, यावलकडे आठ महिने, वर्ष राबून वाढवलेली बाग एका दिवसात कापली जाते, ट्रक निघून जातो आणि हातात राहते ती ‘अबक बनाना’ असं छापलेली चिठ्ठी. व्यापारी परत आला नाही तर पोलिसांत तक्रार कुणाविरुद्ध लिहायची?

चिठ्ठी छोटी असली तरी तिच्यावर तीन गोष्टी लिहून घेता येतात: माणसाचं पॅनवरचं पूर्ण नाव, बाजार समितीचा परवाना असेल तर त्याचा क्रमांक आणि तो कुणाच्या नावे आहे ते, आणि असल्यास जीएसटी नंबर. कापणी सुरू होण्याआधी लिहून घ्या. ट्रक भरल्यावर कुणी थांबत नाही. मजूर बागेत शिरायच्या आधी दोन मिनिटं मागा, आणि त्या चिठ्ठीचा, गाडीच्या नंबर प्लेटचा आणि पहिली उचल आली त्या खात्याच्या नावाचा फोटो घरच्या दुसऱ्या मोबाईलवरही ठेवा.

नोटीस पाठवायची आहे. पाकिटावर काय लिहू?

कंपनी असेल तर ‘लिमिटेड’सकट पूर्ण कायदेशीर नाव, आणि पत्ता नोंदणीकृत कार्यालयाचा, एमसीएवर आज दिसतो तो. गोदामाच्या किंवा दुकानाच्या पत्त्यावर दुसरी प्रत जरूर पाठवा, पण पहिली तिकडेच. स्पीड पोस्टनं पाठवा आणि पावती बिलाला टाचून ठेवा. मजकुरात नावाशेजारी सीआयएन लिहा, म्हणजे सारख्या नावाच्या दुसऱ्या कंपनीकडे बोट दाखवून सुटता येणार नाही. एकट्याचं दुकान असेल तर मालकाचं नाव आधी आणि मग ‘अबक कृषी केंद्र या नावानं धंदा करणारे’ असं. भागीदारी असेल तर पेढीचं नाव आणि माहीत असतील तेवढ्या भागीदारांची नावं. वकिलाकडे जाताना बिलाची मूळ प्रत न्या, झेरॉक्सवर तळाची बारीक ओळ उमटत नाही.